डक्टमधले चार पाइप: टोके पाहा, नाव कळेल

बांधकाम सेवांचा अभ्यास करणारा विद्यार्थी पहिल्यांदा एखाद्या चालू साइटवर डक्टमध्ये उभा राहतो, तेव्हा त्याला वर जाणारे चार-पाच करडे पाइप दिसतात. सगळे एकाच रंगाचे असतात, काहींचे व्यासही सारखे असतात, आणि प्रत्येकाला मजल्यामजल्यावर फाटे फुटलेले असतात. पुस्तकात सॉइल पाइप, वेस्ट पाइप, व्हेंट पाइप आणि रेनवॉटर पाइप यांच्या व्याख्या एकेका ओळीत दिलेल्या असतात. त्या पाठही असतात, पण समोरचा पाइप कोणता ते सांगता येत नाही.

अशा वेळी मी एकच सवय लावून घ्यायला सांगतो. पाइपच्या मधल्या भागाकडे पाहू नका. त्याचे वरचे टोक आणि खालचे टोक शोधा, आणि त्याला येऊन मिळणारे फाटे कुठून येतात ते पाहा. पाइपचे नाव त्याच्या व्यासावरून ठरत नाही. त्यात काय पडते आणि ते शेवटी कुठे जाते, यावरून ते ठरते.

उदाहरणासाठी आपण एकच इमारत घेऊ. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर दोन सदनिका, म्हणजे एकूण आठ घरे. वरची गच्ची १२ मीटर बाय १५ मीटर. पुण्या-नाशिकच्या उपनगरांत अशा इमारती गल्लोगल्ली दिसतील. सांडपाण्याची व्यवस्था दोन पाइप पद्धतीची आहे, म्हणजे मैला आणि इतर सांडपाणी वेगवेगळ्या उभ्या पाइपांतून खाली येते. नव्या इमारतींत बऱ्याचदा दोन्ही एकाच पाइपात सोडतात. पण शिकायला दोन पाइप पद्धत बरी, कारण तिच्यात प्रत्येक पाइपचे काम सुटे दिसते.

सॉइल पाइपला येणारा फाटा कमोडचा, भारतीय बैठकीच्या भांड्याचा किंवा मुतारीचा असतो. म्हणजे मानवी मळमूत्र वाहते तो सॉइल पाइप. आपल्या इमारतीत तो ११० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा आहे, ज्याला साइटवर 'चार इंची' म्हणतात. खाली तो लांब वळणाच्या बेंडमधून थेट तपासणी चेंबरमध्ये जातो. वाटेत गली ट्रॅप नसतो आणि असूही नये, कारण मैला जाळीवर आणि ट्रॅपच्या अरुंद वळणात अडकतो.

वेस्ट पाइपला न्हाणीघराचा नहाणी ट्रॅप, वॉश बेसिन, स्वयंपाकघराचे सिंक आणि कपडे धुण्याच्या मशीनचे पाणी येते. आपल्याकडे तो ७५ मिलिमीटरचा आहे. त्याचे खालचे टोक मात्र चेंबरमध्ये जात नाही. ते आधी गली ट्रॅपमध्ये येते आणि तिथून पाणी चेंबरकडे जाते. नेमका हाच फरक विद्यार्थी विसरतात. गली ट्रॅपमध्ये पाणी सतत भरलेले असते, त्यामुळे चेंबर आणि गटारातला वायू वेस्ट पाइपात शिरत नाही. शिवाय वरून आलेले केस, भाताची शिते, साबणाचा साका जाळीवर थांबतो आणि हाताने काढता येतो. म्हणून डक्टच्या तळाशी वाकून पाहा. जो पाइप जाळीच्या चौकोनी खड्ड्यात सुटतो तो वेस्ट, आणि जो जमिनीत गडप होऊन थेट चेंबरच्या भिंतीतून बाहेर निघतो तो सॉइल.

जुन्या मुंबईतल्या चाळी आणि इमारतींच्या मागच्या भिंतीवर बिडाचे पाइप उघडे दिसतात. तिथे ही ओळख पटवायला सोपी जाते, कारण दोन्ही टोके डोळ्यांसमोर असतात. त्या पाइपांच्या सांध्यांतून पिंपळ उगवलेला दिसला, तर तो सांधा पाझरतो आहे असे खुशाल समजा. पाण्याशिवाय पिंपळ तिथे टिकत नाही.

आता व्हेंट पाइप. याच्यातून पाणी वाहतच नाही, म्हणून त्याचे काम सगळ्यात उशिरा समजते आणि खर्च वाचवायचा झाला की पहिली कात्री त्यालाच लागते. तो कळण्यासाठी आधी ट्रॅपमधले पाणी समजून घ्यायला हवे.

कमोडच्या भांड्यात दिसणारे पाणी केवळ स्वच्छतेसाठी नसते. ते घर आणि गटार यांच्यामधले दार असते. नहाणी ट्रॅपमध्ये, बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपमध्येही असेच पाणी थांबलेले असते. त्याला आपण वॉटर सील म्हणतो आणि त्याची खोली साधारण ५० मिलिमीटर असते. या ५० मिलिमीटरच्या पलीकडे दुर्गंधी, वायू, झुरळे आणि जंतू असतात.

हे दार किती नाजूक आहे ते मोजून पाहा. ५० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे ४९० पास्कल. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल. म्हणजे पाइपमधल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा अर्ध्या टक्क्याने कमी झाला, तरी सीलचे पाणी ओढले जाऊन दार उघडते.

आणि असा दाब रोजच निर्माण होतो. तिसऱ्या मजल्यावर कोणी फ्लश केला की पाणी उभ्या पाइपातून नळकांड्याच्या भिंतीला चिकटून खाली येते आणि मध्ये हवेचा गाभा राहतो. खाली धावणारे पाणी ही हवा आपल्याबरोबर ओढत नेते. म्हणून पाणी जिथे पाइपात शिरले त्याच्या लगेच खाली हवा कमी पडते आणि दुसऱ्या मजल्याच्या ट्रॅपमधले पाणी पाइपकडे खेचले जाते. तळाशी मात्र उलट होते. खालच्या बेंडवर पाणी वळते, त्याचा वेग एकदम कमी होतो, पुढची हवा कोंडते आणि खालच्या मजल्याच्या ट्रॅपमधून बुडबुडे बाहेर येतात. एकाच फ्लशने वर ओढ आणि खाली ढकल, असे दोन्ही होते. तळमजल्याची भांडी उभ्या पाइपला न जोडता स्वतंत्रपणे चेंबरला जोडतात, त्याचे कारण हेच.

व्हेंट पाइप ही ओढ आणि ढकल दोन्ही सांभाळतो. हवा कमी पडली तर तो गच्चीवरून हवा आत आणतो, आणि कोंडली तर बाहेर जाऊ देतो. आपल्या इमारतीत तो ५० मिलिमीटरचा आहे. तो सॉइल पाइपच्या शेजारून वर जातो, प्रत्येक मजल्यावर ट्रॅपच्या पुढच्या बाजूला जोडलेला असतो, आणि त्याचे खालचे टोक सर्वांत खालच्या फाट्याच्याही खाली सॉइल पाइपला मिळालेले असते. त्याचे फाटे वरच्या बाजूला चढते असायला हवेत, म्हणजे आत साचलेले दवाचे पाणी परत सॉइल पाइपात उतरते. फाटा झोल खाऊन बसला की त्यात पाणी तुंबते आणि हवेची वाट बंद होते. बाहेरून पाइप दिसतो, पण काम करत नाही.

इथे एक गोंधळ दूर करून ठेवा. सॉइल पाइपही सर्वांत वरच्या फाट्यानंतर तसाच वर गच्चीपर्यंत नेऊन उघडा ठेवलेला असतो. त्या वरच्या तुकड्यातून पाणी वाहत नाही, म्हणजे तो तुकडाही हवेसाठीच आहे. पण म्हणून व्हेंट पाइप अनावश्यक ठरत नाही. वरच्या तोंडाने वरच्या मजल्यांना हवा मिळते, खालच्या बेंडजवळ कोंडलेल्या हवेला मात्र वाट मिळत नाही. सर्व सांडपाणी एकाच पाइपात सोडून वेगळा व्हेंट न देणारी पद्धतही मान्य आहे. पण ती फाट्यांची लांबी, मजल्यांची संख्या आणि सीलची खोली यांची बंधने पाळली तरच चालते. पाइप वाचवायचा म्हणून वापरली, तर ती फसते.

वरचे टोक कुठे संपते याचाही विचार करा. लोक वावरतात अशा गच्चीवर ते गच्चीच्या पातळीपासून दोन मीटर वर न्यावे आणि कोणाच्या खिडकीजवळ सोडू नये. त्यावर काउल बसवतात, म्हणजे पक्षी घरटे करत नाहीत. गावाकडे सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला डासांसाठी जाळी बांधा असे आरोग्य विभाग सांगतो, आणि ते योग्यच आहे, कारण क्युलेक्स डास तिथून ये-जा करतात. पण ती जाळीच असावी. जाड कापड बांधले तर धूळ आणि ओलाव्याने ते काही महिन्यांत घट्ट होते आणि व्हेंट बंद पडतो.

अशाच इमारतीत मला एकदा तक्रारीसाठी बोलावले होते. पावसाळ्याआधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाले होते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्या मजल्यावर संडासात वास यायला लागला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितले, "सकाळी वरचे फ्लश करतात तेव्हा आमच्या भांड्यात गुडगुडतं." सोसायटीने आधी प्लंबर बोलावून पाइप साफ करून घेतला होता. फरक पडला नव्हता.

इथे दोन शक्यता असतात आणि त्या वेगळ्या ओळखता येतात. पाइप तुंबला असेल तर भांड्यातले पाणी वर चढते आणि हळू उतरते. हवा अडली असेल तर पाणी नेहमीसारखे झटकन जाते, पण मागे गुडगुड आवाज येतो आणि भांड्यातली पातळी खाली गेलेली दिसते. तिसरीही एक शक्यता असते. घर उन्हाळ्यात महिनाभर बंद असेल तर ट्रॅपचे पाणी उन्हाने आटते. तेव्हा वास येतो पण आवाज येत नाही, आणि तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो.

आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या कमोडच्या आत पेन्सिलीने पाण्याची पातळी आखली आणि वरच्या मजल्यावर तीन वेळा फ्लश करायला सांगितले. पाणी जात होते व्यवस्थित, पण पातळी प्रत्येक वेळी थोडी उतरत गेली आणि शेवटी दोन बोटे खाली गेली. म्हणजे तुंबलेले काही नव्हते. मग गच्चीवर गेलो. वॉटरप्रूफिंगचा माल आत पडू नये म्हणून पाइपांची वर आलेली तोंडे कापून प्लगने बंद केली होती. काम संपल्यावर त्यांवर पुन्हा तुकडे आणि काउल बसवायचे राहून गेले होते. सॉइल, वेस्ट आणि व्हेंट, तिन्ही बंद. हवेला आत यायची जी वाट उरली होती ती घराघरांतल्या ट्रॅपमधून. प्लग काढून तोंडे वर नेली आणि पेन्सिलीची रेघ जागची हलली नाही.

सीलचे हे महत्त्व हाँगकाँगने फार मोठी किंमत देऊन पाहिले. २००३ च्या मार्चमध्ये तिथल्या अॅमॉय गार्डन्स या ३३ मजली इमारतींच्या वसाहतीत सार्स पसरला आणि तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. त्यांत ई ब्लॉकमधले सर्वाधिक होते. तपासात दिसले की अनेक न्हाणीघरांतल्या जमिनीवरच्या ट्रॅपमध्ये पाणीच नव्हते, कारण लोक फरशी धुण्याऐवजी पुसत होते. न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू झाला की खोलीतली हवा बाहेर जाई, आणि तिची जागा भरायला सॉइल पाइपातली हवा मैल्याच्या सूक्ष्म थेंबांसकट कोरड्या ट्रॅपमधून आत येई. त्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्याजवळ व्हेंट पाइपला तडाही आढळला. नहाणी ट्रॅप देताना तो रोज पाण्याखाली येईल अशा जागी आहे का, हे पाहायला हवे ते यासाठी.

उरला रेनवॉटर पाइप. त्याचे वरचे टोक गच्चीच्या किंवा बाल्कनीच्या खुऱ्यात असते, तिथे जाळी असते आणि ट्रॅप नसतो. खालचे टोक पावसाळी गटारात, शोषखड्ड्यात किंवा पाणी जिरवण्याच्या व्यवस्थेत जाते. चेंबरमध्ये किंवा गली ट्रॅपमध्ये कधीही नाही. का नाही, ते आपल्या इमारतीच्या आकड्यांवरून पाहू.

गच्ची १८० चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटर या तीव्रतेचा पाऊस धरला, तर तासाभरात १८० गुणिले ०.१, म्हणजे १८ घनमीटर, अर्थात १८,००० लिटर पाणी पडते. सेकंदाला ५ लिटर. आता घरांचे सांडपाणी पाहा. आठ घरांत प्रत्येकी पाच माणसे आणि माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ५,४०० लिटर. म्हणजे एका तासाच्या पावसाने तीन दिवसांहून अधिक सांडपाण्याइतके पाणी येते. ते मैल्याच्या चेंबरला जोडले तर पहिल्याच जोरदार सरीला चेंबरचे झाकण उचलले जाईल आणि तळमजल्याच्या कमोडमधून मैला वर येईल.

किती पाइप लागतील? भारतीय मानकांतल्या तक्त्यात १०० मिलिमीटर व्यासाचा एक पाइप या तीव्रतेला ४२.७ चौरस मीटर छताचे पाणी नेतो, तर ७५ मिलिमीटरचा फक्त २०.४ चौरस मीटरचे. व्यास पाऊण झाला की क्षमता निम्म्याहून कमी होते, हे लक्षात ठेवा. १८० भागिले ४२.७ म्हणजे ४.२, म्हणून किमान पाच पाइप. मी सहा देईन. गच्ची तीन-तीनच्या दोन ओळींत सारखी विभागता येते, प्रत्येक खुऱ्याला ३० चौरस मीटर येतात, ढाळ सारखे पडतात, आणि हेच पाइप तासाला १४० मिलिमीटरपर्यंतचा पाऊस सांभाळतात. शिवाय एखादा खुरा पानांनी बुजला तर शेजारचे थोडा भार उचलतात.

तीव्रता नेहमी तासाची घ्यायची, दिवसाची नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याची सरासरी काढली तर तासाला सुमारे ३९ मिलिमीटरच येते. प्रत्यक्षात बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. सरासरीवर पाइप ठरवणारा माणूस तिथे बुडाला असता.

रेनवॉटर पाइपच्या बाबतीत आजच्या फ्लॅटमध्ये सर्वांत जास्त होणारी चूक सांगतो. ड्राय बाल्कनीत कपडे धुण्याचे मशीन ठेवले जाते आणि त्याची नळी जवळच्या पाइपात सोडली जाते. तो पाइप बाल्कनीच्या पावसाच्या पाण्याचा असतो. दिसायला सगळे ठीक असते, कारण पाणी वाहून जाते. पण खाली तो पाणी जिरवण्याच्या खड्ड्याला जोडलेला असतो. साबणाचे पाणी खड्ड्यात जाते, वाळूचा थर साक्याने बुजतो, आणि खड्डा बोअरवेलजवळ असेल तर तेच पाणी बोअरमध्ये उतरते. हे लक्षात आल्यावर काही जण उलटी चूक करतात आणि बाल्कनीचा रेनवॉटर पाइप खाली गली ट्रॅप टाळून चेंबरला जोडतात. त्याला वर ट्रॅप नाही. मग चेंबरचा वायू थेट बाल्कनीत येतो. योग्य उपाय एकच. मशीनच्या जागी नहाणी ट्रॅप द्यायचा आणि तो वेस्ट पाइपला जोडायचा. नकाशा काढतानाच विचारा की मशीन कुठे बसणार आहे.

खरेदीच्या वेळी आणखी एक भेद कामी येतो. यूपीव्हीसी पाइपवर आयएस १३५९२ आणि त्यासोबत 'टाइप ए' किंवा 'टाइप बी' छापलेले असते. टाइप ए व्हेंट आणि पावसाच्या पाण्यासाठी असतो, टाइप बी सॉइल आणि वेस्टसाठी. ११० मिलिमीटरच्या पाइपात टाइप एची भिंत किमान २.२ मिलिमीटर तर टाइप बीची ३.२ मिलिमीटर असते. बाहेरून व्यास सारखाच, त्यामुळे फिटिंग बसते आणि पातळ पाइप सॉइलसाठी सहज खपून जातो. काठाची जाडी व्हर्नियरने मोजा, आणि पाइप भिंतीत किंवा डक्टमध्ये जाण्याआधीच छाप वाचा.

डक्टमधल्या पाइपची ओळख पक्की करायची असेल तर एक बादली पाण्यात थोडा खाण्याचा रंग किंवा गेरू मिसळा. एक जण गच्चीच्या खुऱ्यात ओतेल, दुसरा खाली चेंबर, गली ट्रॅप आणि पावसाळी गटार तिन्हींची झाकणे उघडून थांबेल. मग दुसरा रंग घेऊन न्हाणीघरातून ओता, आणि शेवटी कमोडमधून. प्रत्येक वेळी रंग कुठे निघाला ते वहीत लिहा आणि नकाशाशी ताडून पाहा. व्हेंटची परीक्षा मात्र पाण्याने होत नाही. तिच्यासाठी गच्चीवर जाऊन तोंड उघडे आहे का ते पाहायचे, आणि खालच्या मजल्यावर कोणी फ्लश करताना त्या तोंडावर पातळ कागद धरायचा. हवा आत ओढली गेली किंवा बाहेर आली तर कागद हलतो. तो अजिबात हलला नाही, तर पाइपात कुठेतरी वाट बंद आहे.